स्मूदनिंगनंतर केस तुटले, तर रिव्ह्यूमध्ये नेमकं काय लिहायचं

प्रश्न: घोडबंदर रोडच्या एका पार्लरमध्ये दिवाळीच्या आधी स्मूदनिंग केलं, सहा हजार दिले. गेल्या वर्षी मे महिन्यातही केलं होतं, दुसऱ्या पार्लरमध्ये. आता दीड महिन्यात केस तुटतायत, गळतायत, कोरडे पडलेत, भांगात छोटे छोटे केस उभे राहिलेत. परत गेले तर मॅडम म्हणाल्या, सप्टेंबरमध्ये तुम्हाला डेंगी झाला होता, त्यामुळेच होतंय, आणि तुमच्याकडे टँकरचं पाणी आहे. आधी त्यांनी मेंदी लावता का विचारलं होतं, मी नाही म्हटलं; घरी कधीतरी पाकिटातला काळा कलर लावते. मी लिहिलेला रिव्ह्यू असा: "माझे सगळे केस जाळले. टक्कल पडलं. भुतासारखी दिसतेय. करणाऱ्या पोरीच्याच डोक्यावर चार केस, ती दुसऱ्याचे काय सांभाळणार? चुकूनही जाऊ नका." नवरा म्हणतो हे फार टोकाचं आहे. पण नुकसान तर झालंय ना? दोन फोटो जोडलेत. खरं आणि नीट कसं लिहू?

उत्तर: मी ठाण्यात बरीच वर्षं पार्लर चालवते आणि मुलींना केसांचं काम शिकवते. त्यामुळे तुमच्यासारख्या तक्रारी मी खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी ऐकल्या आहेत. तुमचे फोटो मोठे करून पाहिले. नुकसान झालंय, आणि त्यातला एक भाग पार्लरच्या कामामुळे झालाय असं मलाही दिसतंय. पण तुमच्या डोक्यावर सध्या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू आहेत आणि रिव्ह्यूमध्ये तुम्ही त्या तिन्ही एकत्र करून पार्लरच्या नावावर टाकल्या आहेत. पार्लरच्या मॅडमनीही तेच उलट केलंय, तिन्हींचं खापर डेंगीवर आणि पाण्यावर फोडलंय. आधी या तीन गोष्टी वेगळ्या करूया. त्या वेगळ्या झाल्या की काय लिहायचं हा प्रश्न फारसा उरत नाही.

आधी स्मूदनिंगमध्ये केसाचं काय होतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या साखळ्या एकमेकींशी गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात. केसाचा आकार टिकवून धरण्यात या बंधांचा मोठा वाटा असतो. स्मूदनिंगचं क्रीम, ज्यात बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं, हे बंध तोडतं. मग क्रीम धुऊन टाकतात, केस पूर्ण वाळवतात, मशीनने एकेक पातळ बट सरळ करतात आणि शेवटी न्यूट्रलायझर लावतात. न्यूट्रलायझरचं काम म्हणजे तुटलेले बंध त्या सरळ अवस्थेत पुन्हा जोडणं. सगळेच बंध परत जोडले जात नाहीत. म्हणून काम उत्तम झालं तरी स्मूदनिंग केलेला केस आधीपेक्षा थोडा कमकुवत असतोच. हे कुठल्याही प्रामाणिक पार्लरने आधी सांगायला हवं, आणि "थोडा कोरडेपणा आला" एवढ्यावरून काम बिघडलं असं म्हणता येत नाही.

बिलावर नेमकं काय लिहिलंय तेही बघून घ्या. आपल्याकडे बऱ्याच पार्लरमध्ये स्मूदनिंग, केराटिन, बोटॉक्स ही नावं एकमेकांच्या जागी वापरली जातात. केराटिन ट्रीटमेंट काही महिन्यांत धुऊन कमी होत जाते, ते तिचं स्वरूपच आहे. स्मूदनिंग केलेला भाग मात्र पुन्हा कुरळा होत नाही, फक्त मुळातून येणारा नवा केस आपल्या मूळ पोताचा येतो. तुम्हाला साडेचार-पाच तास बसवून मध्ये एकदा केस धुतले असतील आणि मशीननंतर पुन्हा दुसरं क्रीम किंवा पातळ द्रव लावून धुतलं असेल, तर ते स्मूदनिंगच होतं.

आता तुमच्या केसाकडे येते. गेल्या वर्षी मे ते या वर्षी ऑक्टोबर म्हणजे सतरा महिने झाले. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर किंवा थोडा जास्त वाढतो, म्हणजे मुळापासून सुमारे सात इंच केस नवा होता आणि त्याखालचा सगळा केस आधीच एकदा स्मूदनिंग झालेला. दुसऱ्यांदा करताना क्रीम फक्त त्या वरच्या सात इंचांना लावायचं असतं. खालच्या जुन्या भागाला क्रीम लागू नये म्हणून आम्ही तिथे कंडिशनर किंवा संरक्षक क्रीम लावून ठेवतो. जुन्या भागाला पुन्हा तेच क्रीम लागलं तर आधीच कमी झालेले बंध आणखी तुटतात आणि केस जिथे नवा आणि जुना भाग मिळतो तिथून किंवा त्याच्या खालून तुटायला लागतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत वेणी हनुवटीच्या उंचीपर्यंत चांगली जाड आहे आणि तिथून खाली एकदम बारीक होते. हे हनुवटीचं माप त्या सात इंचांशी जुळतं. तुटण्याची जागा अशी एका पातळीवर असणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा आहे. डेंगीमुळे केस असा ठरावीक उंचीवर तुटत नाही आणि टँकरच्या पाण्यानेही तुटत नाही.

हे आणखी पक्कं करायला एक सोपी तपासणी घरी करा. पुढच्या वेळी केस धुताना आणि वाळल्यावर विंचरताना जे केस येतील ते सगळे गोळा करून पांढऱ्या कागदावर पसरवा आणि दोन ढीग करा. ज्या केसाच्या एका टोकाला बारीकसा पांढरा कंद दिसतो तो मुळासकट गळलेला केस. ज्याला कंद नाही, जो लांबीने तोकडा आहे आणि दोन्ही टोकं नुसतीच कापल्यासारखी किंवा पिंजलेली आहेत, तो मधूनच तुटलेला केस. दुसऱ्या ढिगाला स्मूदनिंग जबाबदार असू शकतं, पहिल्याला सहसा नाही. तुमच्या पहिल्या फोटोतल्या कंगव्यात मला दोन्ही प्रकारचे केस दिसतायत, पण फोटोवरून प्रमाण सांगता येत नाही. ते तुम्हालाच मोजून बघावं लागेल. मोजताना हेही लक्षात ठेवा की निरोगी माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात आणि तुम्ही तीन दिवसांनी केस धुत असाल तर त्या तीन दिवसांचे एकदम निघतात.

दुसरी तपासणी तुटण्याच्या जागेच्या खालच्या केसाची. एक केस पाण्यात भिजवून दोन बोटांत धरून हळूच ताणा. चांगला केस भिजल्यावर थोडा लांबतो आणि सोडला की जागेवर येतो. जास्त प्रक्रिया झालेला केस रबरासारखा लांबतच जातो, हाताला चिकट-मऊ लागतो आणि परत न येता तुटतो. हीच तपासणी वरच्या, मुळाजवळच्या केसावर करून बघा. वरचा ठीक आणि खालचा रबरासारखा असेल तर जुन्या भागाला पुन्हा क्रीम लागल्याची शक्यता फार मोठी. वरचाही तसाच असेल तर क्रीम तुमच्या केसासाठी जास्त कडक होतं, किंवा जास्त वेळ ठेवलं गेलं, किंवा न्यूट्रलायझर नीट लागला नाही. यातलं नेमकं काय झालं ते नंतर केस बघून मलाही सांगता येणार नाही, आणि हे रिव्ह्यू लिहिताना फार महत्त्वाचं ठरतं. त्याकडे पुढे येते.

आता डेंगीचं बघू. इथे मॅडम पूर्ण चूक नाहीत. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन अशा गोष्टींनंतर डोक्यावरचे बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण दोन ते तीन महिन्यांनी गळायला लागतात. सप्टेंबरमध्ये ताप, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गळती, हे वेळापत्रक अगदी बरोबर बसतं. ही गळती मुळासकट असते, सगळ्या डोक्यावरून सारखी होते आणि बहुतेकांमध्ये काही महिन्यांत आपोआप थांबते, केस परत येतात. म्हणजे पहिल्या ढिगातले कंदवाले लांब केस जर जास्त असतील तर ते तुम्ही पार्लरच्या नावावर लिहू नका. स्मूदनिंग तुम्ही केलं नसतं तरी ते गळलेच असते. फक्त, मॅडमनी डेंगीचं कारण दुसऱ्या ढिगालाही लावलं, ते चालणार नाही. आणि तुम्ही डेंगीबद्दल त्यांना काम करायच्या आधी सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर त्यांनी दोन-तीन महिने थांबा म्हणायला हवं होतं. मी तरी नुकत्याच आजारपणातून उठलेल्या बाईला स्मूदनिंगला बसवत नाही, कारण नंतर गळती झाली की ती कशामुळे याचा वाद दोघींनाही त्रास देतो. तुम्ही परत गेल्यावरच पहिल्यांदा सांगितलं असेल तर या मुद्द्यावर त्यांच्याकडे बोट दाखवता येत नाही.

पाण्याचं प्रकरण सगळ्यांत सोपं आहे. घोडबंदर पट्ट्यात अनेक संकुलांना टँकर किंवा बोअरवेलचं पाणी लागतं, आणि बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड असतं. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात, शाम्पूला फेस येत नाही, केस खरखरीत आणि निस्तेज लागतो, गुंता वाढतो. स्मूदनिंग झालेल्या केसाला हे जास्त जाणवतं. तुमचा कोरडेपणा कितपत पाण्यामुळे आहे ते बघायचं असेल तर दोन-तीन वेळा शेवटचं धुणं पिण्याच्या आरओच्या पाण्याने करून बघा. फरक पडला तर "केस कोरडे केले" हे वाक्य रिव्ह्यूमधून काढा. फरक नाही पडला तर ठेवा, पण "कोरडे" एवढंच.

आणि भांगातले ते छोटे उभे केस. त्यांची टोकं उजेडात, शक्य तर भिंगाने बघा. टोक निमुळतं, सुईसारखं असेल तर तो नव्याने उगवणारा केस आहे. आधीचे लांब केस सरळ, चपटे झाल्यामुळे तो आता वेगळा उठून दिसतो. टोक बोथट किंवा पिंजलेलं असेल तर तो तुटलेला आहे. तुमच्या फोटोत भांगाजवळचे बहुतेक निमुळते वाटतात, कानशिलाजवळचे काही मात्र तुटलेले दिसतात. कानशिलाचा केस मुळातच बारीक असतो, तिथे क्रीम कमी वेळ ठेवायचं आणि मशीनचं तापमान उतरवायचं असतं. म्हणून कानशिलांचा उल्लेख करा, भांगाचा नको.

एवढी छाननी झाल्यावर तुमचा मसुदा पुन्हा वाचा. "सगळे केस जाळले" यातला "सगळे" खरा नाही, कारण वरचे सात इंच बरे दिसतायत. "जाळले" हेही तपासून घ्या. केस उष्णतेने जळतो तेव्हा वास येतो, धूर दिसतो, केसावर पांढरे ठिपके पडतात आणि त्या ठिपक्यावर तो मोडतो. ओलसर केसावर कडक तापलेलं मशीन फिरवलं की असं होतं. तुम्ही वास किंवा चरचर अनुभवली असेल तर तेच शब्द लिहा. नसेल तर तुमचे केस जळलेले नाहीत, क्रीमच्या जास्त प्रक्रियेने तुटले आहेत. टाळूची आग झाली, फोड आले, असं काही असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. तेव्हा मी तुम्हाला रिव्ह्यूच्या आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन कागदावर नोंद करून घ्या म्हटलं असतं. "टक्कल" म्हणजे टाळू उघडी पडणं. तुमच्या फोटोत कुठेही टाळू उघडी नाही. हे शब्द जोरकस वाटतात, पण वाचणारी बाई फोटोत टक्कल शोधते, तिला ते सापडत नाही, आणि मग वेणी खाली बारीक झालीय हा खरा पुरावाही ती बाजूला टाकते.

त्या मुलीच्या केसांबद्दलचं वाक्य मात्र कुठलीही तपासणी न करता काढा. तिचे केस विरळ का आहेत हे तुम्हाला माहीत नाही. थायरॉइड असेल, घराण्यात असेल, औषधं चालू असतील, काहीही असू शकतं, आणि त्याचा तिच्या हाताच्या कामाशी काही संबंध नाही. माझ्याकडे शिकलेल्या सगळ्यांत सफाईदार हाताच्या मुलीला लहानपणापासून चाईची तक्रार होती. शिवाय आपल्या पार्लरमधली रचना बघा. क्रीम कुठलं वापरायचं, ते किती वेळ ठेवायचं, जुन्या भागाला लावायचं की नाही हे बहुतेक ठिकाणी मालकीण किंवा सीनियर ठरवते. हात चालवणारी मुलगी कळवा-मुंब्र्याहून लोकल पकडून येते आणि सांगितलं तसं करते. रिव्ह्यूमध्ये तिचं रूप आलं की मालकीण तिला कामावरून काढून टाकून मोकळी होते आणि क्रीम लावायची पद्धत तशीच राहते. पुढच्या बाईचे केस त्यामुळे वाचत नाहीत.

"भुतासारखी दिसतेय" हे तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंय, म्हणून चालेल असं तुम्हाला वाटत असेल. मी तेही काढेन. केस विरळ असणं, राठ असणं, कुरळे असणं म्हणजे भूत दिसणं असं वाचणाऱ्या कितीतरी जणींना तुम्ही न कळत सांगताय, आणि त्यातल्या काहींचे केस कर्करोगाच्या औषधांनी गेलेले असतात. दिसण्याऐवजी मोजता येईल ते लिहा: वेणी कुठून बारीक झाली, लांबी किती कमी करावी लागली, विंचरताना कसले केस येतात.

आता तुमच्या बाजूचा एक अवघड मुद्दा. त्यांनी मेंदी लावता का विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात. तुमच्या मनात मेंदी म्हणजे हिरवी, भिजवलेली, पानांची. पण बाजारातल्या पाकिटातल्या काळ्या मेंदीत आणि पावडर कलरमध्ये बहुतेक वेळा रासायनिक रंगच असतो, आणि रंगवलेल्या केसाला कमी ताकदीचं क्रीम लागतं. बहुतेक कंपन्या साध्या आणि रंगवलेल्या केसासाठी वेगळं क्रीम देतात. त्यांनी "कलर, काळी मेंदी, पार्लरमधलं किंवा घरातलं काहीही, गेल्या दोन वर्षांत?" असं विचारायला हवं होतं, ही त्यांच्या कामातली खरी उणीव आहे. आधीच्या स्मूदनिंगबद्दल विचारलं होतं का, हेही आठवून बघा. पण कलरचा विषय तुमच्याकडून निघाला नाही हेही खरं आहे, आणि ते रिव्ह्यूमध्ये यायला हवं. ते लपवलंत तर पार्लरवाल्या उत्तरात पहिल्यांदा तेच लिहितील आणि तुमच्या उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडेल.

कारणांबद्दल जपून लिहा. मघाशी म्हटलं तसं, क्रीम कडक होतं की वेळ जास्त झाला की न्यूट्रलायझर नीट लागला नाही हे नंतर ठरवता येत नाही. "डुप्लिकेट प्रॉडक्ट वापरलं" असं लोक सर्रास लिहितात. तुम्ही डबा पाहिला होता का, सील उघडताना पाहिलं होतं का? नसेल तर ते लिहू नका. जे डोळ्यांनी पाहिलंत ते लिहा. क्रीम मुळापासून टोकापर्यंत लावलं का? ठेवल्यावर मध्ये कुणी एखादी बट काढून ताणून बघितली का? ती दर काही मिनिटांनी बघायची असते, कारण घड्याळ सगळ्यांच्या केसाला सारखं लागू पडत नाही. क्रीम लावून मुलगी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली का? शेवटी न्यूट्रलायझर लावला का, आणि तो सगळीकडे पोचला का? आठवत नसेल तिथे गप्प बसा. एक पाहिलेली गोष्ट दहा अंदाजांपेक्षा पार्लरला जास्त झोंबते आणि वाचणारीला जास्त उपयोगी पडते, कारण ती स्वतः खुर्चीत बसल्यावर नेमकं तेच बघू शकते.

तुमच्या माहितीवरून मी असा रिव्ह्यू लिहीन. तपासण्यांमध्ये वेगळं काही निघालं तर त्याप्रमाणे बदला, आणि तुम्ही पाहिलं नाही असं वाक्य त्यात आलं असेल तर ते काढून टाका.

"दिवाळीच्या आधी इथे स्मूदनिंग केलं, सहा हजार रुपये. पाच तास लागले, जागा स्वच्छ, मुली नीट बोलल्या. पहिले दोन आठवडे केस सरळ आणि मऊ होते. त्यानंतर हनुवटीच्या खालचा केस मधूनच तुटायला लागला आणि दीड महिन्यात वेणी तिथून खाली बरीच बारीक झाली आहे. कानशिलांजवळचे काही केसही तुटले आहेत. हनुवटीच्या वरचा केस ठीक आहे. माझं आधीचं स्मूदनिंग सतरा महिन्यांपूर्वीचं होतं, आणि या वेळी क्रीम जुन्या भागासकट पूर्ण लांबीला लावलं गेलं. क्रीम ठेवल्यावर मध्ये बट तपासलेली मी पाहिली नाही. आधी मेंदीबद्दल विचारलं होतं, कलरबद्दल नाही. मी घरी काळा कलर लावते हे मीही सांगितलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये मला डेंगी झाला होता, त्यामुळे मुळासकट जे केस गळतायत त्याचा दोष मी पार्लरला देत नाही. तक्रार घेऊन गेले तेव्हा तुटलेल्या केसांचं कारणही डेंगी आणि पाणी असंच सांगण्यात आलं, केस हातात घेऊन बघितले गेले नाहीत. ज्यांचं आधी स्मूदनिंग झालंय त्यांनी इथे करताना क्रीम फक्त नव्या केसाला लावा असं स्पष्ट सांगावं."

यात "चुकूनही जाऊ नका" नाही. त्यांचं थ्रेडिंग, कटिंग, फेशियल याबद्दल तुम्हाला काही माहीत नाही, त्यामुळे तो निकाल तुमच्याकडे नाही. स्टार किती द्यायचे हा तुमचा अधिकार. मी असते तर दोन दिले असते. मुख्य काम बिघडलं आणि तक्रार नीट ऐकली गेली नाही, म्हणून वरचे तीन गेले. एक स्टार मी टाळू भाजली, फोड आले किंवा पैशांत फसवणूक झाली अशा वेळेसाठी ठेवते. फोटो लावताना आपल्याच वेणीचा लावा, शक्य तर स्मूदनिंगच्या आधीचा त्याच उजेडातला एखादा जोडा. पार्लरच्या आतला, ज्यात मुलींचे किंवा दुसऱ्या बायकांचे चेहरे आहेत असा फोटो लावू नका.

टाकायच्या आधी अजून एकदा पार्लरमध्ये जा. या वेळी तो पांढरा कागद आणि दोन ढीग घेऊन जा आणि मॅडमना म्हणा, "हे मुळासकट गळलेले केस डेंगीचे असतील, मान्य. पण हे मधून तुटलेले केस बघा आणि वेणी कुठून बारीक झालीय ते बघा." ज्यांना काम येतं त्यांना हे बघितल्यावर नाकारणं जड जातं. काय मागायचं ते आधी ठरवून जा. बारीक झालेला भाग कापून सारखा करून देणं आणि निम्मे पैसे परत, ही तुमच्या परिस्थितीत मला रास्त मागणी वाटते, कारण कलरची गोष्ट तुमच्याकडूनही राहिली. "फुकट स्पा करून देतो" एवढ्यावर समाधान मानायचं का ते तुम्ही ठरवा. स्पाने केस तात्पुरता मऊ लागतो, तुटलेले बंध परत येत नाहीत. "पुन्हा एकदा स्मूदनिंग करून सरळ करून देतो" असं म्हणाले तर मात्र अजिबात करून घेऊ नका. आणि "पैसे द्या नाहीतर रिव्ह्यू टाकते" असं म्हणू नका. रिव्ह्यू पैशांसाठी लिहिलेला नसेल तर तो पैसे मिळाले तरी खराच राहायला हवा. पैशांचा वाद वेगळ्या मार्गाने न्यायचा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, त्यासाठी बिल, फोटो आणि तारखा जपून ठेवा.

नंतर त्यांनी काही केलं, पैसे परत दिले, माफी मागितली किंवा काम सुधारून दिलं, तर मूळ मजकूर पुसू नका. खाली तारीख घालून एक ओळ वाढवा. आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघा. डेंगीची गळती तोपर्यंत थांबलेली असेल, हनुवटीच्या वरचा केस चार-पाच सेंटीमीटर वाढलेला असेल, आणि तुटणं चालू आहे की थांबलंय हे तेव्हा नीट कळेल. थांबलं असेल तर तेही तिथे लिहा, कारण ज्या बाईचे केस आत्ता तुटतायत तिला पुढे काय होतं हेच सगळ्यांत जास्त जाणून घ्यायचं असतं.